लग्नातली रंगीत लेन्स: काळ्या डोळ्यांवर रंग कसा दिसतो आणि ती दिवसभर कशी सांभाळायची

प्रश्न: मॅडम, मे महिन्यात माझं लग्न आहे, लातूरलाच, मुहूर्त दुपारचा. मला दोन्ही डोळ्यांना मायनस साडेतीनचा चष्मा आहे. पार्लरवाल्या ताई म्हणतात त्यांच्याकडे ग्रे लेन्स आहेत, मेकअप झाला की त्याच घालून देतील. माझे डोळे अगदी काळेभोर आहेत. रंग खरंच दिसतो का? आणि दिवसभर घातल्या तर डोळ्यांना काही होतं का?

उत्तर:

रंग दिसतो. पण पार्लरमधल्या त्या लेन्स घालू नकोस. त्या बहुतेक झिरो नंबरच्या असतात. म्हणजे चष्मा काढून त्या घातल्यास तर अंतरपाटापलीकडचा नवरा तुला धूसर दिसेल. हा झाला साधा तोटा, मोठा तोटा पुढे सांगते.

आधी रंगाचं बघू. आपण ज्याला काळे डोळे म्हणतो, ते खरं तर गडद तपकिरी असतात. मधलं काळं टिंब म्हणजे बाहुली आणि तिच्याभोवतीचा तपकिरी पडदा म्हणजे बुबुळ. फिकट डोळ्यांच्या लोकांसाठी पारदर्शक रंगाच्या लेन्स मिळतात, पण त्या आपल्या डोळ्यावर घातल्या तरी कळतसुद्धा नाहीत, कारण खालचा गडद रंग त्यांना गिळून टाकतो. आपल्याला अपारदर्शक छपाईची लेन्स लागते. अशी लेन्स बोटावर घेऊन उजेडात धरलीस तर रंगाचा सलग थर दिसणार नाही. बारीक ठिपके आणि रेघोट्या दिसतील, मध्ये मोकळी जागा सोडलेली. त्या मोकळ्या जागांतून तुझं स्वतःचं तपकिरी बुबुळ डोकावतं आणि रंग खरा वाटतो. स्वस्त लेन्समध्ये एकच रंग सपाट छापलेला असतो, म्हणून डोळा बाहुलीचा वाटायला लागतो. खेळण्यातल्या बाहुलीचा म्हणते. चांगल्या लेन्समध्ये दोन-तीन छटा असतात: बाहुलीजवळ पिवळसर, मध्ये मुख्य रंग, कडेला गडद वर्तुळ.

या कडेच्या वर्तुळाकडे जरा नीट बघ. बुबुळाची गडद कड ठळक झाली की डोळा तरतरीत आणि तरुण दिसतो, पांढरा भाग अधिक पांढरा वाटतो. डोळे मोठे दिसावेत म्हणून ज्या लेन्स विकतात, त्यांत हीच कड खऱ्या बुबुळाच्या बाहेर थोडी सरकवून छापलेली असते. फोटोत छान दिसतं, पण समोरासमोर बसलेल्याला कृत्रिमपणा लगेच कळतो.

ग्रे घेऊ नकोस, हे माझं स्पष्ट मत. गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर, काळ्याभोर भुवयांखाली ग्रे लेन्स फ्लॅशमध्ये पांढुरकी पडते आणि अल्बमभर डोळे घारे न दिसता बटणासारखे दिसतात. त्यापेक्षा मधाळ तपकिरी किंवा हेझल घे. लोकांना नेमकं काय बदललं ते कळत नाही, पण चेहरा उजळ वाटतो. शालू हिरवा असेल तर हेझलमधली हिरवट झाक त्याला छान लागते. शेवटी लग्न तुझं आहे. ग्रेच हवी असेल तर निदान गडद कड असलेली, धुरकट छटेची घे आणि आधी घालून उन्हात फोटो काढून बघ. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत केलेला रंग मंडपात वेगळा निघतो.

फोटोग्राफरला न दिसणारी पण तुला जाणवणारी एक गोष्ट आहे. लेन्सच्या मध्यभागी रंग नसतो, साधारण ५ मिलिमीटरची मोकळी खिडकी असते. दुपारी उजेडात तुझी बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, त्यामुळे तू खिडकीतून आरामात बघतेस. संध्याकाळी उजेड कमी झाला की तरुण माणसाची बाहुली ६-७ मिलिमीटरपर्यंत फुलते, खिडकीपेक्षा मोठी होते. मग छपाईची कड नजरेच्या आत येते, दिव्यांभोवती वलयं दिसतात, कडेने धुकं असल्यासारखं वाटतं. त्यात काही बिघाड नाही, लेन्सची रचनाच तशी आहे. म्हणून रंगीत लेन्स घालून रात्री गाडी चालवायची नाही. लेन्स थोडी सैल असेल तर आणखी एक गंमत होते: तू पटकन बाजूला बघितलंस की डोळा आधी वळतो आणि लेन्स मागून येते. तेवढ्या क्षणात रंगाच्या शेजारी तपकिरी चंद्रकोर उघडी पडते. व्हिडिओत हे अचूक पकडलं जातं.

यावरूनच मापाचा मुद्दा येतो. लेन्सच्या डबीवर नंबराशिवाय दोन आकडे असतात: बेस कर्व्ह, म्हणजे आतली गोलाई, बहुतेक ८.४ ते ८.६ च्या आसपास. आणि व्यास, साधारण १४ ते १४.५ मिलिमीटर. डोळ्याची गोलाई प्रत्येकाची वेगळी असते, ती मोजावी लागते. लेन्स घालून पंधरा-वीस मिनिटं बसवल्यावर मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते की पापणी मिटल्यावर लेन्स किंचित, अर्ध्या मिलिमीटरहून कमी, हलते की नाही. हललीच नाही तर ती घट्ट आहे. घट्ट लेन्स फसवी असते, कारण पहिले काही तास ती सगळ्यात आरामदायक वाटते. पण तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत, मळ अडकून राहतो, आणि संध्याकाळी काढल्यावर डोळ्याच्या पांढऱ्यावर तिच्या कडेचा गोल ठसा उमटलेला दिसतो. पार्लरमध्ये बसून हे कुणालाच कळणार नाही, त्या ताई कितीही हुशार असल्या तरी.

तुझ्या नंबरचं म्हणशील तर साडेतीन हा सोपा नंबर आहे. चष्मा डोळ्यापासून थोडा लांब असतो आणि लेन्स डोळ्यावरच बसते, म्हणून चारच्या पुढे नंबर गेला की लेन्सचा नंबर थोडा कमी करावा लागतो. मायनस सहाच्या चष्म्याला लेन्स साडेपाचची लागते. तुला साडेतीन किंवा सव्वातीन बसेल, तपासून ठरवू. मात्र चष्म्यात सिलिंडरचा नंबरही असेल तर आधी सांग, कारण रंगीत लेन्समध्ये तो सहसा मिळत नाही आणि नजर थोडी धूसर राहते. लेन्स रोज फेकायच्या प्रकारातली घे. तुला ती एक-दोन दिवस लागणार आहे, त्यासाठी वर्षभर चालणारी जोडी घेऊन ती धुण्यात आणि जपण्यात चूक करण्यापेक्षा संध्याकाळी काढून फेकलेली बरी. दोन-तीन जोड्या जास्त घे, एखादी फाटते, एखादी पाटाखाली जाते.

आता मोठा तोटा. पार्लरच्या लेन्स बहुतेक वेळा आधी कुणीतरी घातलेल्या असतात. माझ्याकडे औसा तालुक्यातली एक करवली आली होती, वीसेक वर्षांची. भावाच्या लग्नात तिने पार्लरमधली निळी लेन्स घातली होती. सकाळी आठला घातली, रात्री परतीच्या वऱ्हाडाच्या गाडीत तशीच झोपली. पहाटे घरी उतरल्यावर तिने ती काढली, तेव्हा डोळ्यात फक्त कचरा गेल्यासारखं टोचत होतं. सकाळी डोळा लाल झाला. घरच्यांना वाटलं डोळे आलेत, म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. त्या थेंबात स्टिरॉइड होतं. दीड दिवस लाली उतरली, सगळ्यांना बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती ओढणीने डोळा झाकून आत आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, उजेडच सहन होईना, आतून ठणकायलंय."

तपासलं तर बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यावर, मध्यापासून जरा बाजूला, तीनेक मिलिमीटरचा पिवळट पांढरा डाग होता आणि त्यामागे डोळ्याच्या तळाशी पू साचून पांढरी आडवी रेघ झाली होती. मी थेंब घातले नाहीत, लगेच डोळ्यांच्या सर्जनकडे पाठवलं. त्यांनी डाग खरवडून नमुना लॅबला दिला. स्यूडोमोनस नावाचा जिवाणू निघाला. हा ओलसर जागी, लेन्सच्या डबीत, साचलेल्या पाण्यात मजेत राहतो आणि एकदा पारदर्शक पडद्यात शिरला की एक-दोन दिवसांत तो विरघळवू शकतो. मग दर अर्ध्या तासाने थेंब, रात्रीसुद्धा. आई आणि काकू आलटून पालटून जागल्या. डोळा वाचला, पण फूल पडलं ते राहिलं. आज चष्मा लावूनही त्या डोळ्याने तिला ६/२४ पर्यंतच दिसतं, म्हणजे चांगल्या डोळ्याला चोवीस मीटरवरून वाचता येणारं अक्षर तिला सहा मीटरवरून वाचावं लागतं.

ती नेमकी कुठे अडकली ते बघ. उष्टी लेन्स हे एक झालं, पण खरा घात झोपेने केला. डोळ्याच्या त्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. लेन्स घातली की हवा कमी मिळते, छापील जुन्या पद्धतीच्या लेन्समधून तर फारच कमी. वरून पापणी मिटली की आणखी कमी. पडदा किंचित सुजतो, वरची त्वचा सैल होते आणि जिवाणूला आत शिरायला वाट मिळते. लेन्स घालून झोपल्याने जंतुसंसर्गाचा धोका सहा ते आठ पट वाढतो. यात दुपारची डुलकीही आली. लग्नात नवरी पहाटे चारला उठलेली असते, जेवणं झाली की खोलीत जाऊन अर्धा तास आडवी होते. तेव्हा लेन्स काढ, नाहीतर आडवी होऊ नकोस. आणि त्या स्टिरॉइडने संसर्ग लपवला आणि वाढवलाही. लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल झाला तर तो डोळे आल्याचा आहे असं घरी ठरवायचंच नाही.

मग दिवस कसा आखायचा? मुहूर्त दुपारचा म्हणजे मेकअप साधारण नऊला सुरू होईल. लेन्स मेकअपच्या आधी घालायची, नंतर नाही. म्हणजे तुझ्या पार्लरवाल्या ताईंचा क्रम उलटा करावा लागेल. फाउंडेशनची पावडर किंवा काजळाचा कण लेन्सखाली गेला तर दिवसभर टोचेल आणि डोळ्यातून पाणी येऊन मेकअप वाहील. फक्त हेअर स्प्रे त्याआधी उरकून घ्या. काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर भरायचं नाही, पापणीच्या केसांच्या बाहेरून ओढायचं. चमकी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लावू देऊ नकोस. लेन्स पाचच्या सुमारास काढ, आठ तास पुरे. आणि काढतानाही आधी लेन्स, मग मेकअप, कारण काजळ काढायचं तेल लेन्सला चिकटलं की ते डोळ्यातच राहतं. संध्याकाळी रिसेप्शन असेल आणि डोळे पांढरेशुभ्र, न टोचणारे असतील, तर दोन तास विश्रांती देऊन नवी जोडी थोड्या वेळासाठी चालेल. डोळा जरा जरी लालसर असेल तर चष्मा. नवा, पातळ फ्रेमचा चष्मा नवरीला वाईट दिसतो हे कुणी ठरवलं मला माहीत नाही.

मेंदीचा विचार कुणीच करत नाही. रंग चढावा म्हणून आदल्या रात्री हाताला निलगिरीचं तेल किंवा बाम चोळतात आणि त्याचा अंश सकाळपर्यंत बोटांच्या पेरांत राहतो. त्याच बोटाने लेन्स घातलीस तर डोळ्यात मिरची गेल्यासारखी आग होईल. बोटांच्या टोकांना तेल लावू देऊ नकोस. सकाळी साध्या, वासाचा किंवा क्रीमचा नसलेल्या साबणाने हात दोनदा धू आणि लव न सुटणाऱ्या कपड्याने अगदी कोरडे कर. नेल एक्स्टेन्शन लावणार असशील तर लेन्स काढणं अवघड होतं, कारण लेन्स बोटाच्या मऊ भागाने खाली सरकवून चिमटीत धरायची असते, नखाने नाही. निदान दोन्ही हातांचा अंगठा आणि तर्जनी मोकळी ठेव. हळदीला लेन्स नकोच. हळद लेन्समध्ये शिरते, डाग जात नाही, आणि वरून पाणी ओततात ते वेगळंच.

पाण्याबद्दल लातूरच्या मुलीला मी काय सांगावं? २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे गाव आहे. आपल्याकडे नळ आठवड्यातून येतो, बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी हौदात, टाकीत साठवलेलं असतं. अशा साठवलेल्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव राहतो. पाणी पिऊन त्याचा सहसा त्रास होत नाही, पण लेन्सला चिकटून डोळ्यात गेला तर महिनोन्महिने उपचार करूनही हटत नाही असा संसर्ग होतो. जारचं, आरओचं पाणीही निर्जंतुक नसतं. म्हणून लेन्सला कुठलंच पाणी लागू द्यायचं नाही, लाळ तर नाहीच. लेन्स खाली पडली तर धुऊन घालू नकोस, दुसरी काढ. महिन्याची लेन्स घेतलीस तरच सोल्यूशन आणि डबीचा खटाटोप: तळहातावर चोळून धुवायची, डबीत रोज ताजं सोल्यूशन भरायचं, जुन्यावर ओतायचं नाही, डबी उपडी करून सुकवायची आणि तीन महिन्यांत फेकायची. बाटलीतलं निर्जंतुक सलाइन हे सोल्यूशन नव्हे, त्याने जंतू मरत नाहीत.

मंडपात दोन गोष्टी त्रास देतील. एक अक्षता. कुंकू लावलेले तांदूळ तोंडावर येतात आणि पावडर डोळ्यात जाते. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी "सावधान" ऐकू आलं की डोळे मीट, फोटोतही ते लाजल्यासारखं दिसतं. दुसरा होमाचा धूर आणि मेमधला चाळीस-बेचाळीस अंशांचा कोरडा वारा. लेन्स सुकते, आकसते, नजर येते-जाते. यासाठी लेन्सवर चालणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब करवलीच्या पर्समध्ये ठेव आणि दोन तासांनी एकेक थेंब घाल. गुलाबपाणी नको, लाली घालवायचे थेंबही नकोत. लेन्स वर सरकून दिसेनाशी झाली तर घाबरू नकोस, ती डोळ्याच्या मागे जाऊ शकत नाही, पापणीच्या आतली त्वचा तिथे दुमडून बंद असते. खाली बघ, थेंब टाक, पापणीवरून हलकेच बोट फिरव, ती परत येईल.

काढल्यावर डोळे थोडे थकलेले, किंचित गुलाबी असतील तर झोपेने सकाळपर्यंत निवळतील. पण लेन्स काढूनही टोचणं वाढत गेलं, उजेड सहन होईना, नजर धूसर राहिली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. पाठवणी झालेली असो की देवदर्शनाला निघालेली असो. वापरलेली लेन्स फेकली नसेल तर सोबत न्यायची, त्यावरूनही जंतू शोधता येतो. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही.

उरलेल्या जोड्या तारखेपर्यंत वापर, पण नणंदेने मागितली तर देऊ नकोस; तिला माझ्याकडे पाठव. तू मात्र मार्चमध्येच ये, सकाळी, काजळ न घालता, चष्मा आणि जुना नंबरचा कागद घेऊन. मी आधी अश्रू तपासते. पापणी उघडी ठेवल्यावर अश्रूंचा थर दहा सेकंदांच्या आत फाटत असेल, तर मे महिन्याच्या त्या दुपारी लेन्स तुला झेपणार नाही, आणि ते तेव्हाच कळलेलं बरं. डोळे चांगले निघाले तर ट्रायल लेन्स घालून देते. त्यानंतर आठवडाभर घरी घालायची-काढायची सवय कर, पहिल्या दिवशी दोन तास, मग हळूहळू वाढवत सहा. तुझ्या हाताला ती बसली की लग्नाच्या सकाळी पार्लरवाल्या ताईंना फक्त आरसा धरायला सांगायचं.